सात नंबरची खिडकी

स्फाक्स शहरातल्या सरकारी इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मुनजियाने एकोणतीस वर्षं हिरवा रंग पाहिला. स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उलटलेली प्रतिद्रव्यं काचपट्टीवर हिरवी चमकतात. कुठे केंद्रक सपाट, एकजिनसी, कुठे ठिपकेदार, कुठे केंद्रकाच्या पोटातले दोन-चार गोळेच उजळलेले. तिच्या नजरेला लोक मान देत. पगारात मात्र तो कधी उतरला नाही.

इथला नियम असा की दोघांनी वेगवेगळं पाहायचं, आधी चिठ्ठीवर लिहायचं, मगच तोंड उघडायचं. आणि नात्यातलं रक्त पाहायचं नाही. काचपट्टीवर नमुन्यांच्या गोल खिडक्या असतात; त्यातल्या सात नंबरच्या खिडकीत मुनजियाच्या लेकीचं, रीमचं रक्त होतं, तीन महिने सांधे धरलेल्या रीमचं. मुनजियाने ते कुणाला सांगितलं नाही.

दुपारी अंधाऱ्या खोलीत तिने डोळा लावला. केंद्रकं काठोकाठ, सपाट भरलेली. तिने विभागणीतली, एकाची दोन होऊ घातलेली पेशी शोधली. तिच्यातली गुणसूत्रांची मधली पट्टीही तशीच सपाट चमकत होती. एकजिनसी म्हणजे ल्युपसची शंका: शरीर आपल्याच सांध्यांवर, पुढे मूत्रपिंडांवर उलटतं तो आजार.

पण दाट बारीक ठिपक्यांतही पट्टी उजळते, आणि असे ठिपके धडधाकट माणसातही सापडतात. तिने फोकसचं चाक फिरवलं. फिरवत राहिली. चित्र जरा विस्कटलं तसे ठिपके दिसू लागले. नवख्या पोरींना ती याच चुकीसाठी झापायची. तिने चिठ्ठीवर लिहिलं: दाट ठिपकेदार.

दुसरी चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टर हातेमनी, सगळ्यांच्या 'सी हातेम' म्हणजे हातेमसाहेबांनी, दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या.

"लल्ला मुनजिया, बाईसाहेब, सातला ठिपके? चष्मा घरी राहिला की डोळे?"

"मला दिसले."

"मला नाही दिसले. एकजिनसी आहे, तेही कडक. बरं, पातळ करून बघू. भपका कमी झाला की कळेल."

"सी हातेम." तिने आपली चिठ्ठी मागे ओढली. "ते रीमचं आहे."

विनोदासाठी उघडलेलं त्यांचं तोंड तसंच राहिलं.

"मग तू इथे काय करतेयस?"

"भीत होते."

"बाहेर बस. चहा पी."

ती बसली. चहा गार झाला. आत पातळ केलेल्या रक्तातही केंद्रकं सपाटच निघाली. मग त्यांनी दुसरी काचपट्टी लावली. तिच्यावर असतात शेपटीचे एकपेशी जीव. त्यांच्या अंगात शेपटीच्या बुडाशी निव्वळ डीएनएची गोळी असते. रोग्याच्या प्रतिद्रव्यांनी ती उजळली, तर तो ल्युपसच, शंका उरत नाही.

दोन तासांनी दार उघडलं. हातेमना थट्टेशिवाय बोलता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"उजळलीय, मुनजिया. प्रत्येकात."

तिने हिजाबाचं टोक उगाचच सारखं केलं आणि फोन लावला.

"आई, काय झालं?" रीमने विचारलं. "आवाज असा का?"

"काही नाही गं. उद्या सकाळची पहिली लघवी बाटलीत घेऊन ये. मूत्रपिंडं बघायचीत. डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी बरोबर येतेय."