वक्राची लांबी: पाव की अर्धा

छापखान्यात तिला सगळे ‘स्वल्पविराम’ म्हणत. हे नाव मालकांनी ठेवलं होतं आणि त्यात थोडी चेष्टा, बरंचसं कौतुक होतं. चारशे पानांच्या पुस्तकात एक स्वल्पविराम जागचा हलला, तरी या बाईच्या डोळ्यांना तो खड्यासारखा टोचायचा. बावीस वर्षं ती गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी करत होती. आधी हातानं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग संगणक आला तेव्हा महिन्याभरात तोही शिकली. वर्गमुळाच्या चिन्हाची आडवी रेघ किती लांब हवी, संकलनाच्या, म्हणजे इंटिग्रेशनच्या, लांबुळक्या चिन्हाच्या टोकांना सीमा कुठे बसतात, हे तिच्या बोटांना पाठ होतं.

एवढं सगळं असून त्यातलं एक अक्षरही तिला कळत नव्हतं. कॉलेजात पहिलंच वर्ष चालू असताना वडील अंथरुणाला खिळले, आणि तिनं वह्या गुंडाळून जी नोकरी मिळाली ती धरली. संकलनाचा धडा त्या वर्षी शेवटी शिकवणार होते. तोवर ती वर्गात उरलीच नाही. तेव्हापासून गणित तिच्यासाठी रांगोळीसारखं होतं. ठिपके नीट पडले की झालं.

त्या आठवड्यात सरांच्या कलनशास्त्राच्या पुस्तकाची नववी आवृत्ती छपाईला जायची होती. सर म्हणजे निवृत्त प्राध्यापक, ऐंशीच्या घरातले, आणि बोलायला लागले की समोरच्याला घाम फोडणारे. नवा टंक, म्हणजे नव्या वळणाची अक्षरं, घेतल्यामुळे सगळी पानं पुन्हा बसवावी लागत होती. वक्राच्या लांबीच्या प्रकरणात y = x² या वक्राचं एक सोडवलेलं उदाहरण होतं, शून्यापासून दोनपर्यंत. त्याचं उत्तर: √१७ अधिक लॉग (४ + √१७) चा पाव. त्याच वक्राचं शून्यापासून एकपर्यंतचं गणित स्वाध्यायात होतं आणि त्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे: √५ चा अर्धा, अधिक लॉग (२ + √५) चा अर्धा.

तिचा हात थांबला. पुढे पाव, मागे अर्धा. दोन्ही उत्तरं एका साच्यातून काढल्यासारखी दिसत होती; सीमा दोनवरून एकवर आली तसं मुळाचंही अर्धं झालं होतं, फक्त लॉगचा वाटा उलट वाढून साचा मोडला होता. अर्थ कळत नसला तरी नक्षी चुकलेली कळते ना!

ती मालकांकडे गेली. “मालक, इथे काहीतरी गडबड आहे असं वाटतंय.”

मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “ताई, आठ आवृत्त्या झाल्या. कुणाची तक्रार नाही. आणि सरांना जाऊन कोण सांगणार, तुम्ही की मी?”

“सांगायचं नाही. विचारायचं.”

“त्यांना दोन्ही सारखंच ऐकू येतं,” मालक म्हणाले आणि पुन्हा कागदात शिरले. मग मान वर न करताच म्हणाले, “सोमवारपर्यंत पानं थांबवतो. त्यापुढे नाही.”

रविवारी दुपारी तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलेखाचा कागद पसरला. तिच्या मनात साधा हिशोब होता. वक्राची लांबी म्हणजे शेवटी लांबीच. मग दोरा लावून मोजता येईलच की! मागच्या, शून्य ते एकच्या उत्तराची किंमत तिनं गणकयंत्रावर दोन्ही प्रकारे काढली. पुस्तकातला लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, ही टीप पहिल्या पानावर तिनंच बसवली होती, त्यामुळे बटण चुकलं नाही. अर्धा धरला तर १.८४, पाव धरला तर १.४८. एवढा फरक दोरा नक्की दाखवेल.

सासूबाई खिडकीशी बसून उसवलेलं काही शिवत होत्या. चाळीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. सुनेनं लोकरीचा तुकडा उचललेला पाहून त्या तिथूनच म्हणाल्या, “अगं, लोकर ताणली जाते. मोजायला कशी चालेल? हा घे, सुती घे.”

“आई, हे गणित आहे.”

“असू दे की. बाहीची गोलाई मोजताना मी काय वेगळं करत होते? टेप आडवी ठेवलीस तर वळत नाही, उभी धरावी लागते. आणि तेही जमलं नाही तर बोटभर बोटभर सरळ मोजत जायचं आणि बेरीज करायची. जितकं बारीक मोजशील तितकं खरं.”

तिनं बिंदू मांडले, वक्र काढला, दोरा ओला करून त्यावर चिकटवत नेला आणि पट्टीला लावला. दोरा भरला साडेअकरा सेंटिमीटर. दहा सेंटिमीटरला एक धरलं होतं, म्हणजे १.१५. हे ना पाव, ना अर्धा! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. तिचा चेहरा पडला. पण सोमवार डोक्यावर होता. संध्याकाळी ती कागद गुंडाळून सरांच्या घरी गेलीच.

सरांची खोली पुस्तकांनी गच्च भरलेली होती. मोतीबिंदूमुळे ते कागद नाकाला लावून वाचत. तिनं अडखळत सगळं सांगितलं. सरांनी आलेख हातात घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हा वक्र कुठून कुठे जातो?”

“शून्य-शून्यपासून एक-एकपर्यंत, सर.”

“या दोन टोकांत सरळ रस्ता किती?”

तिनं पट्टी शोधायला पर्समध्ये हात घातला.

“√२. म्हणजे १.४१. आणि तुमचा वाकडा रस्ता १.१५? सरळ वाटेपेक्षा आडवाट जवळची? बाई, हा शोध कुठे छापायचा आपण?”

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. पण सर आलेखावरून बोट फिरवत होते. ते मध्येच थांबले. “आडव्या अक्षावर दहा सेंटिमीटरला एक. उभ्यावर?”

“पाच. कागदात मावावं म्हणून…”

“हं.” सरांचा आवाज उतरला. “मग तुम्ही चुकीचं मोजलं नाहीत. तुम्ही दुसराच वक्र मोजलात, दाबून बसका केलेला. लांबी मोजायची तर दोन्हीकडे एकच प्रमाण हवं. बसा. पुन्हा काढा.”

ती त्यांच्याच टेबलाशी बसली. या वेळी दोन्ही अक्षांवर दहा सेंटिमीटर. सासूबाईंचा सुती दोरा पर्समध्ये होताच. दोरा भरला पावणेपंधराच्या जरासा पुढे.

“१.४८,” ती पुटपुटली. “सर, पाव.”

सरांनी दोरा बाजूला सारला. मग त्यांनी कोरा कागद ओढला. “दोऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. बघा इकडे. वक्राचा अगदी बारीक तुकडा घ्या. तो सरळच दिसेल. तो थोडा आडवा जातो, थोडा वर चढतो. x² चा चढ २x, म्हणजे आडवं जितकं, त्याच्या २x पट वर. तिरका तुकडा किती? दोन्हींच्या वर्गांची बेरीज, तिचं मूळ. म्हणजे आडव्याच्या √(१ + ४x²) पट. असे सगळे तुकडे शून्यापासून एकपर्यंत जोडायचे. संकलन म्हणजे एवढंच.”

“हे तर माझ्या सासूबाई सांगत होत्या,” ती पटकन बोलून गेली. “बोटभर बोटभर सरळ मोजायचं.”

“त्यांना माझा नमस्कार सांगा,” सर गंभीरपणे म्हणाले आणि लिहीत राहिले. “मुळातून दोन बाहेर काढला, आत उरलं x² अधिक पाव. सूत्रात लॉगच्या मागे या पावाचा अर्धा येतो, एक अष्टमांश. बाहेरचा दोन त्याला गुणला…” पेन्सिल थांबली. “पाव.”

ते उठले, कपाट उघडलं आणि पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा काढला. पहिल्या आवृत्तीचं हस्तलिखित. पान सापडलं तसं त्यांनी ते तिच्यासमोर धरलं. सरांच्या ठसठशीत अक्षरात तिथे स्वच्छ पाव लिहिला होता.

पहिली आवृत्ती जुळवली होती तिनंच. आधीच्या पदात √५ खाली दोन होता. तोच दोन डोळ्यांनी उचलून पुढच्या पदाखाली नेऊन ठेवला होता. बावीस वर्षांची ‘स्वल्पविराम’, आणि ही चूक तिचीच.

“सर, हे माझं…” तिनं √५ खालच्या दोनवर बोट ठेवलं.

“जुळणी तुमची. मुद्रितं कुणी तपासली? मी. आठ वेळा. स्वतःचं उत्तर आहे म्हणून नजर घसरत गेली.” ते खुर्चीत बसले, एकदम थकल्यासारखे. “आणि तेवढ्यानं भागत नाही. सहा वर्षांपूर्वी एका मुलाचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं, चार वेळा केलं, दरवेळी पावच येतो, संकलन माझ्या आवाक्यातलं नाही असं दिसतं. मी त्याला उत्तर काय पाठवलं? ‘पुन्हा करून पाहा.’ स्वतः करून पाहिलं नाही.”

त्या संध्याकाळी त्यांनी ते पत्र शोधलं. सरांची नजर साथ देईना, म्हणून त्यांनी सांगितलं आणि तिनं लिहिलं. तुमचं उत्तर बरोबर होतं, पुस्तकाचं चुकलं होतं, आणि माझंही. सही सरांनी स्वतः केली. तिनं जरा घुटमळून विचारलं, “खाली माझीही करू?” सरांनी कागद तिच्याकडे सरकवला.

सोमवारी पान दुरुस्त झालं. मालकांना तिनं कुणाची चूक ते सांगून टाकलं. मालकांनी हातातला कागद बाजूला ठेवला. “न सांगता बदललं असतं तर मला कळलंही नसतं,” ते म्हणाले. नव्या आवृत्तीत आधीच्या आवृत्त्यांतली ही चूक पहिल्याच पानावर छापायची, हा सरांचा हट्ट होता. मालकांनी नाक मुरडलं, पण छापली.

महिन्याभरानं उत्तर आलं. तो मुलगा आता चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करत होता. गणित त्यानं त्याच वर्षी सोडलं होतं. पत्र चारच ओळींचं होतं. राग नव्हता. ‘मी बरोबर होतो एवढं कळलं. आईला वाचून दाखवलं,’ असं शेवटी लिहिलं होतं. सरांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि मग त्याच्या जुन्या पत्राशेजारी ठेवून दिलं. काही चुका दुरुस्त होतात, काही फक्त कबूल करता येतात.

ती निघायला उठली तेव्हा सरांनी विचारलं, “मंगळवारी वेळ असतो?”

आता दर मंगळवारी काम सुटल्यावर ती तिथे संकलन शिकायला जाते. सर बोलतात, ती लिहिते. पहिले काही आठवडे तिनं अनेकदा हात टेकले, एकदा तर वही तिथेच विसरून आली आणि आठवडाभर आणायलाही गेली नाही. मग गेली. गेल्या मंगळवारी तोच वक्र शून्यापासून तीनपर्यंत तिनं एकटीनं सोडवला: √३७ ची दीडपट, अधिक लॉग (६ + √३७) चा पाव, म्हणजे ९.७५. सरांना दाखवण्याआधी तिनं कोपऱ्यात दोन टोकांतला सरळ रस्ता काढला. तो आला ९.४९. वाकडा रस्ता त्याहून थोडाच लांब होता, पटण्यासारखा.

सरांनी कागद नाकाला लावला, ओळीओळीवर पेन्सिल टेकवत खाली आले आणि म्हणाले, “बरोबर आहे. पुढचं घ्या.”