महिपतीचा पेचकस आणि वॉरंटी कार्ड

"आधी उघडून बघावं, मग बोलावं," असं बेलवलीचा महिपती नेहमी म्हणे. आळीत इस्त्री रुसो की पंखा, हा पेचकस घेऊन हजर. शेजारच्या अंजनीवहिनीचा मिक्सर सात महिन्यांत गप्प झाला, तेव्हाही त्यानं तो आधी खोलला आणि मग तिला घेऊन, मिक्सर जिथून घेतला होता ते उल्हासनगरचं दुकान गाठलं. पाट्यावर वाटून अंजनीचं मनगट धरलं होतं. मिक्सर फुकटात दुरुस्त व्हावा, एवढीच तिची आस.

महिपतीनं वॉरंटी कार्ड ऐटीत वाचलं. "मोटरला एक वर्ष. भांडं, पातं, रबर यांना नाही. बिल आणि शिक्का मारलेलं कार्ड घेऊन मशीन कल्याणच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी."

शेठ म्हणाला, "बरोबर, दादा. पुढची लाइन भी वाचा ना."

"कंपनीबाहेरच्या माणसानं मशीन खोलल्यास वॉरंटी रद्द." महिपतीचा आवाज बारीक झाला.

"सील कोणी तोडलं, भाभी?"

"आमच्या विंजनेरानं," अंजनी म्हणाली.

"कंपनीला काय कळतंय मशीनमधलं," म्हणत महिपती ताठ मानेनं रिक्षाच्या दिशेनं निघाला. मिक्सर कडेवर घेतलेली अंजनी आणि काउंटरवर कोपरं टेकलेला शेठ, दोघंही त्याच्याकडे बघत राहिले.