आधी कुठला उतारा, आणि सोडायचं कधी

मी ठाण्यात एका क्लासमध्ये इंग्रजी वाचन शिकवते. म्हणजे इंग्रजी नाही, ते मुलांना येतंच. मी घड्याळासमोर वाचायला शिकवते. मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेत पहिला भाग भाषेचा असतो. चाळीस मिनिटं, चार उतारे, प्रत्येकाखाली चार प्रश्न, शिवाय आठ प्रश्न सुट्या भाषेचे. बरोबर आलं तर तीन गुण, चुकीच्या पर्यायावर टिचकी मारलीत तर एक गेला. चाळीस मिनिटं झाली की कॉम्प्युटर आपोआप पुढच्या भागावर जातो, मग कितीही रडा, मागे येता येत नाही. एवढंच आहे सगळं. पण हे एवढंच सांगून सांगून माझा घसा कायमचा बसलाय.

दर रविवारी तोच प्रश्न. "मॅडम, सुरुवात कुठल्या पॅसेजपासून करायची?" अरे बाबांनो, पहिला दिसला म्हणून पहिला करायचा नाही. विषय ओळखीचा आहे म्हणून तर मुळीच नाही. आधी चारही उताऱ्यांच्या सुरुवातीच्या दोन-चार ओळी बघा, खालचे प्रश्न चाळा. जिथे विचारलंय की लेखक काय म्हणतो, तिथे आधी जा. जिथे विचारलंय की लेखकाला काय म्हणायचं नसावं, तो शेवटी ठेवा. आणि एखादा फारच अंगावर येत असेल तर सोडून द्या की! तीन उतारे नीट केलेत तरी पुष्कळ झालं. हे सांगताना वर्ग मान डोलवतो, आणि पुढच्या सराव परीक्षेत पहिल्याच उताऱ्यात पाय रोवून बसतो.

या सगळ्यांत एक मुलगी सगळ्यात हट्टी. मुलगी म्हणायचं, तशी तिशीच्या जवळ आलेली. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंग बनवणाऱ्या एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. आठवडाभर नमुने तपासायचे आणि रविवारी सकाळी माझ्यासमोर येऊन बसायचं. बोटांवर कसले कसले डाग. दोनदा परीक्षा देऊन झालेली, दोन्ही वेळा भाषेच्या भागात कटऑफच्या खाली. हा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न, असं तिनं घरी कबूल केलेलं. कंपनीतून बाहेर पडायचं, टेबलाच्या त्या बाजूला बसायचं, जिथून निर्णय होतात. तिला एवढंच हवं होतं.

तिचे पेपर बघितले की माझं डोकं फिरायचं. वाचन उत्तम, समज उत्तम, केलेल्या प्रश्नांतले बहुतेक बरोबर. आणि शेवटचा उतारा दर वेळी कोरा! वेळ कुठे गेला ते कॉम्प्युटर दाखवतोच. एकेका प्रश्नावर पाच-पाच मिनिटं. चारातले दोन पर्याय खोडायचे, उरलेल्या दोघांत अडकायचं, परत उतारा वाचायचा, परत पर्याय, परत उतारा. त्यात विज्ञानाचा उतारा दिसला की बाई आधी तिकडे धावणार. "मॅडम, हा आपल्या लाइनचा आहे ना." लाइनचा आहे म्हणूनच घात होतो. मग उताऱ्यात काय लिहिलंय ते राहिलं बाजूला, कारखान्यात काय होतं त्यावरून उत्तर द्यायचं, आणि लेखक चुकीचा आहे म्हणून माझ्याशी भांडायचं.

"अगं, लेखक चुकीचा असू दे," मी ओरडायचे. "तो काय म्हणाला, एवढंच विचारलंय तुला."

"पण मॅडम, तसं होतच नाही प्रत्यक्षात."

"तू त्याला सुधारायला गेलीयस की ॲडमिशन घ्यायला?"

वर्ग हसायचा. तीही हसायची. आणि पुढच्या रविवारी तेच.

एकदा वर्ग सुटायच्या वेळी तिची आई आली. साधी बाई, खांद्याला पिशवी, माजिवड्याला बहिणीकडे आलेली, तिथून वाट वाकडी करून. लेक खाली गेलीय हे बघून मला बाजूला घेतलं. म्हणाली, "मॅडम, खरं सांगा, होण्यासारखं आहे का? नसेल तर तुम्हीच तिला सांगा सोड म्हणून. आमचं ऐकत नाही. पोर नुसती वाळत चाललीय."

मी म्हटलं, हुशार आहे हो, होईल, एवढी परीक्षा देऊ दे. त्या बाईंनी मान हलवली आणि गेल्या. मला मात्र दिवसभर चुकचुकत राहिलं. रोज वर्गात सोडा, सोडा म्हणून कंठशोष करणारी मी, आणि कुणी खरंच सोडायला सांग म्हणाल्यावर मीच देऊ दे म्हणाले.

पुढच्या सराव परीक्षेत पुन्हा शेवटचा उतारा कोरा. मग मात्र मी तिला थांबवून घेतलं. चहा मागवला. म्हटलं, "आज तू मला सांगणारेस. एक प्रश्न सुटत नाही तर सुटत नाही. तो सोडायला तुझं काय जातं?"

तिनं कप बाजूला सारला. मग म्हणाली, "मॅडम, मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका कच्च्या मालात पाण्याचा अंश किती आहे ते बघायचं होतं. दोन रीडिंग जुळेनात. खालून प्लांटवाले घाई करत होते. आमच्या सिनियरनी म्हटलं, सोड आता, ठीक आहे, आणि त्यातलं बरं होतं ते रीडिंग लिहून दिलं. पाणी जास्तच होतं. माल रिॲक्टरमध्ये गेला आणि प्रेशर चढलं. झाकणाजवळ जो ऑपरेटर होता ना, त्याचे हात आणि तोंड भाजलं. रोज डब्यातला ठेचा द्यायचा मला. मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं की जुळत नाहीये. तेव्हापासून मला नाही जमत सोडायला. तुम्ही सोड म्हणता ना, तर तेच आठवतं."

मला इतकी लाज वाटली स्वतःच्या टोमण्यांची! वर्षभर मी हिला हट्टी म्हणत होते. पण लाजेनं परीक्षा सुटत नाही. मी शिक्षिका आहे, मला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मी विचारलं, "बरं, आता तुमच्याकडे दोन रीडिंग जुळली नाहीत तर तू काय करतेस?"

"होल्ड."

"म्हणजे?"

"पिवळं लेबल लावायचं. पासही नाही, नापासही नाही. तो माल हलवायचा नाही, बाजूला राहील. तोवर बाकीचे नमुने घ्यायचे. ते थोडेच थांबतात?"

"बाकीचे नमुने थांबत नाहीत," मी म्हटलं.

मी कॉम्प्युटर उघडला. स्क्रीनवर एक बटण असतं, प्रश्न परत बघण्यासाठी खूण करून पुढे जायचं. मी वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल सांगते, मुलं ते कधी दाबत नाहीत. मी तिला तेवढंच दाखवलं. उत्तर न देता खूण केलीस तर गुण कापत नाहीत, म्हणजे कुणाला चुकीचा माल जात नाही. दोन पर्याय उरले, उतारा आणखी एकदा बघितलास, तरी जुळेना, की होल्ड. आणि विज्ञानाचा उतारा सगळ्यात शेवटी, कारण तिथे तू वाचत नाहीस, तपासतेस.

"हे आधी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली. घ्या! मी कपाळाला हात लावला.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला विचारू नका. दर रविवारी तिच्याबरोबर मीही घड्याळ लावून बसायची. आधी ती कुठले दोन उतारे निवडते ते बघायचं, मग कुठे अडकते ते. सवय एकदम जात नाही. खूण करायची आणि मिनिटाभरात परत तिथेच. मी मागून खेकसायची, ती दचकून पुढे जायची. माझे पाय सुजायचे, डोळे चुरचुरायचे, घरी गेल्यावर स्वयंपाक करायचा जीव नसायचा. पण शेवटचा उतारा भरायला लागला. एक प्रश्न, मग दोन, मग चारही.

परीक्षेच्या दिवशी दुपारी केंद्राबाहेरूनच तिचा फोन आला. आवाज चढलेला. "मॅडम, रंगांच्या कारखान्यावर पॅसेज आलेला! आमच्याच धंद्यावर! मी शेवटी ठेवला. आधी एक संगीताचा केला, मला काडीचं कळत नाही संगीतातलं, म्हणून नीट वाचला. रंगांच्या पॅसेजमध्ये एक प्रश्न जुळेना. मी होल्ड केलेला, परत जायला वेळच नाही उरला. तसाच सोडला."

"बाकीचे?"

"सगळे केले."

मी माझ्या स्वयंपाकघरात उभी, हातात कणिक, आणि डोळ्यांत पाणी. वेडी कुठली, मी म्हटलं, वेडी कुठली.

निकाल लागला. भाषेच्या भागात ती आमच्या बॅचमध्ये सगळ्यात वर. आणि दुसऱ्या भागात, तक्त्यांच्या आणि कोड्यांच्या, कटऑफच्या खाली. थोडक्यासाठी. तो भाग शिकवणारे सर वेगळे, त्यांच्याशी मी नंतर भांडूनही आले, पण त्याचा काय उपयोग?

तिला फोन लावायला मला दोन दिवस लागले. मी सगळं बोलणं ठरवून ठेवलेलं. उचलल्याबरोबर सुरूच झाले. "हे बघ, धीर सोडू नकोस. इतकी जवळ आलीयस. आता फक्त तो एक भाग राहिलाय. आणखी एकदा दे. घरच्यांशी मी बोलते. फी वगैरेचं मी क्लासवाल्यांना सांगते. एकच वर्ष."

ती सगळं ऐकून घेत होती. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी औद्योगिक सुरक्षेच्या डिप्लोमाचा फॉर्म भरलाय. वर्षाचा आहे. मग मला सेफ्टीत घेतील. तिथे मी प्लांट थांबवा म्हटलं की थांबवावं लागतं."

"पण तुला येतंय आता," मी म्हटलं. माझा आवाज चिरकला. "एवढं आलं, आणि आता सोडतेस?"

"हो."

पलीकडे तिच्या आईचा आवाज आला, भाजी काय करू म्हणून विचारत होती. ही म्हणाली, "थांब गं, आले." मग मला म्हणाली, "मॅडम, तुम्ही रडताय का?"

"नाही," मी म्हटलं. आणि फोन काही मला ठेववेना.