एका लॉटचं अर्धं

महाप्याच्या आमच्या ऑफिसात माझ्या हातची एक स्ट्रॅटेजी कित्येक वर्षं चालत होती. स्ट्रॅटेजी म्हणजे बाजारात कधी घ्यायचं, कधी विकायचं हे ठरवणारा प्रोग्रॅम. मी तिला लहानाचं मोठं केलं होतं. मुलाच्या दहावीच्या निकालाला मी गेलो नाही, कारण त्या दिवशी ह्या स्ट्रॅटेजीला ताप होता. बायको सीवूड्सच्या घरी कोणी आलं की सांगायची, "आमच्याकडे दोन अपत्यं. एक शिकतंय आणि एक ह्यांना पोसतंय."

अशा सुखाच्या संसारात साताऱ्याकडची एक मुलगी नोकरीला आली. शिरवण्यात भाड्याच्या खोलीत राहायची, डब्यात रोज खर्डा आणायची आणि कुठल्याही गोष्टीला हसायची. तिने माझ्या स्ट्रॅटेजीची नवी आवृत्ती लिहिली. मीटिंगमध्ये तिने काय बदललंय ते सांगितलं. खरेदी होती तशीच. पण माझी जुनी पहिल्या नफ्यालाच सगळा माल विकून मोकळी व्हायची. नवी त्या नफ्याला अर्धा माल विकणार आणि अर्धा दुपारपर्यंत ठेवणार. मला त्यातला 'नवी' एवढाच शब्द ऐकू आला. पुढचं ऐकायच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

नवं काही आलं की आमच्याकडे थेट जुन्याच्या जागी बसवत नाहीत. जुनी आपली वीस लॉटवर चालू राहते आणि नवी तिच्या शेजारी एका लॉटवर सोडतात. लॉट म्हणजे बाजारात घेता येणारा सगळ्यात लहान गठ्ठा. काही बिघडलंच तर तेवढ्यावर निभावतं. दोघींचा हिशेब वेगळा ठेवायचा, काही आठवडे बघायचं, आणि पटलं तर अदलाबदल. ह्याला 'कॅनरी' म्हणतात. कोळशाच्या खाणीत विषारी वायू कळावा म्हणून पूर्वी तो पक्षी नेत असत. बॉसना ही गोष्ट भलतीच आवडली. त्यांनी सीवूड्सच्या मॉलमध्ये कॅनरी शोधली. मिळालं प्लास्टिकचं पिवळं बदक. तेच त्यांनी त्या मुलीच्या स्क्रीनवर बसवलं. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी त्याचं तोंड भिंतीकडे करायचो. वय बघता हे शोभत नव्हतं, पण करायचो.

तो आठवडा बाजार नुसता चढत होता. माझी सकाळीच नफा घेऊन गप्प बसायची आणि तिचं पिल्लू दुपारपर्यंत दाणे टिपायचं. एका लॉटमागे किती सुटले ह्याची तुलना फळ्यावर लिहायचे, आणि रोज तीच वर. बॉस तर बदकाला नमस्कार करून केबिनमध्ये जायला लागले. शुक्रवारी सकाळी त्यांनी जाहीर केलं, "कशाला आठवडे घालवायचे? सोमवारी नवी वीस लॉटवर टाकू, जुनीला रिटायर करू. काय रे, टेन्शन नाही ना?"

शेवटचा प्रश्न मला होता. मी म्हटलं, "छे! मला कसलं टेन्शन?" आणि जागेवर येऊन पेन चावून मोडलं. मला फार वाईट वाटलं. माणसाला निदान निरोप समारंभ तरी मिळतो.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी तिच्या आवृत्तीचे सौदे उघडले. हेतू शुद्ध वाईट होता. कुठेतरी खोट सापडावी, एवढंच मागणं. सोमवार, एक खरेदी, एक विक्री. मंगळवार, एक खरेदी, एक विक्री. बुधवारीही तेच, आणि विक्री दर वेळी दुपारची. मी दोनदा पाहिलं. अर्धा माल पहिल्या नफ्याला विकायचा होता ना? मग सकाळची विक्री कुठाय?

आणि मग माझ्या डोक्यात जो उजेड पडला, त्याने मी खुर्चीतून अक्षरशः उडालो. आनंद पोटात मावेना, म्हणून खाली जाऊन दोन वडापाव खाल्ले आणि मगच बॉसच्या केबिनमध्ये शिरलो. ती मुलगीही तिथेच होती.

"बॉस, एका लॉटचं अर्धं किती?"

"अर्धा लॉट."

"मिळतो बाजारात?"

बॉसनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. ती मुलगी मात्र कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बाई! शून्य!"

बरोबर. प्रोग्रॅमने एकाचं अर्धं केलं, पूर्णांकात ते शून्य आलं, आणि शून्य लॉटची ऑर्डर कोण पाठवणार? ती गुपचूप सोडून दिली. अख्खा लॉट दुपारपर्यंत तसाच राहिला आणि बाजार चढता म्हणून फळ्यावर दिवाळी झाली. म्हणजे जो बदल तपासायला सगळी वरात काढली, तो बदल एकदाही चालला नव्हता. वीस लॉटवर दहा विकले गेले असते, पण ते कसं चालतं हे कोणीच पाहिलेलं नव्हतं.

"म्हणजे आठवडाभर आपण कोणाला नमस्कार केला?" बॉसनी विचारलं.

"बदकाला," मी म्हणालो. इतकं समाधान मला पगारवाढीनेही दिलेलं नाही.

मला वाटलं, ती आता रडेल. ती हसतच सुटली. "सर, लय भारी पकडलं ओ तुमी! मी जन्मात बघितलं नसतं." मग मला थोडी लाज वाटली. थोडीच. तिने संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. पुढची तपासणी दोन लॉटवर, म्हणजे एक विकता येईल आणि एक ठेवता येईल. शिवाय अर्धं शून्य येत असेल तर प्रोग्रॅम सुरूच होणार नाही, ओरडेल.

फळा पुसला गेला. दोन लॉटवर नवी पुन्हा माझ्या जुनीच्या शेजारी चालू झाली, आणि ह्या वेळी घाई करायची नाही असं ठरलं. बाजारही चढ-उताराचा लागला. चढत्या दिवशी तिचं आधीसारखं कौतुक होईना, मी खूश. पण तेव्हाही ती माझ्या जुनीच्या पुढेच असायची, आणि बाजार वर जाऊन पडला तरी अर्धा नफा आधीच खिशात असायचा. हळूहळू तीच बरी दिसायला लागली. लबाडीने नाही, सरळ हिशेबाने. मी काड्या घालायला जागा शोधत होतो आणि जागा सापडत नव्हती.

शेवटी अदलाबदलीचा दिवस ठरला. त्याआधी जुनी आणि नवी शेजारी ठेवून काय काय बदललं ते कोणीतरी वाचायचं आणि मंजुरी द्यायची, असा आमचा नियम. बॉस म्हणाले, तूच वाच, तुझ्याइतकं बारीक कोण बघणार?

मी दार लावून वाचायला बसलो. स्क्रीनवर डावीकडे जुनी, उजवीकडे नवी; बदललेली ओळ तेवढी रंगीत दिसते. मी खाली जात राहिलो. रंग येईना. खरेदी माझी. धोक्याची मर्यादा माझी. बाजार बंद होण्याआधी सगळं आवरून घेणं, तेही माझं. फार खाली, विक्रीपाशी, पंधरा-वीस ओळी रंगीत होत्या, आणि संपलं. मध्ये तरुणपणी कधीतरी चिडून लिहिलेली माझी टीपही होती, 'ह्याला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे.' तीही जशीच्या तशी.

मी त्या मुलीला आत बोलावलं. "ही टीप का नाही काढली?"

"सर, हात लावू नका म्हटलंय ना त्यात," ती म्हणाली. "मग नाय लावला. एवढं चांगलं चाललंय, मी कशाला मोडू?"

 महिनाभर ज्या नवीच्या तोट्यासाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, ती माझीच होती. मी मान खाली घालून मंजुरीचं बटण दाबलं, आणि डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून त्या मुलीवर उगाचच एसीवरून ओरडलो.