सफाचा सात टक्क्यांचा रिपोर्ट

सफाला किळस फार लवकर येते. शिळ्या तेलाची भजी, एसटीच्या सीटखाली टाकलेली केळ्याची साल, खोटं गोड बोलणारी बाई, सगळ्याला तिचा चेहरा एकच. नाक वर, ओठ वाकडा. तिची अम्मी आमना म्हणते, "हिच्या थोबाडावरच लिवलेलं असतं गो सगळं, बोलायची गरज नाय." कॉलेजातल्या शेवटच्या वर्षी मात्र तिला अशा एका गोष्टीची किळस आली की ती अजून गेलेली नाही.

सफा रोह्याजवळच्या वरशाची. रोज सकाळी रोह्याहून एसटीने पेणच्या कॉलेजात जायची आणि संध्याकाळी परत यायची. विषय रसायनशास्त्र. शेवटच्या वर्षाच्या उन्हाळ्यात सगळ्यांना कुठल्यातरी कंपनीत इंटर्नशिप करावी लागते. तिला घराजवळच, धाटावच्या एका कंपनीत जागा मिळाली. सांडपाणी शुद्ध करतात त्या विभागात. बरोबर गडब गावचा आदर्श होता, तिच्याच वर्गातला.

पहिल्याच दिवशी तिथल्या इन-चार्ज महिपतींनी दोघांना समोर बसवून सांगितलं. "आमची एसओपी इथं बसून वाचा. काम कसं करायचं याची कंपनीची नियमावली हाय ती, आमची मालमत्ता. फोटो काढायचा नाय. वाचा, मिटवा, मग प्लांटवर बघा आणि बघितलेलं आपल्या शब्दांत लिवा. आमचे नेमके आकडे घालायचे नाय. आणि कॉलेजने रिपोर्ट पक्का करायच्या आधी तो मला दाखवा."

सफाने ते अक्षरशः पाळलं. एसओपी वाचायची, मिटवायची, टाकीपाशी जाऊन उभी राहायची, ऑपरेटरला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडायची आणि दुपारी जेवणानंतर आठवेल तसं लिहायची. आदर्श डब्याच्या पिशवीआडून मोबाईल काढायचा आणि पानामागून पान टिपायचा. मोबाईलच फोटोतली अक्षरं उचलून टाईप करून देतो, मग डोकं कशाला वापरायचं? "तू कशाला घासतेस गो," तो म्हणायचा, "हे नेटवर नायच. पकडणार कोण?"

पकडलं कोणी नाही, हीच तर गंमत.

कॉलेजात रिपोर्ट जमा झाले की ते सॉफ्टवेअरमध्ये घालतात. नेटवरचा मजकूर, पुस्तकं, लेख, आधी जमा झालेले रिपोर्ट यांच्याशी तुमचं लिखाण किती जुळतं ते सॉफ्टवेअर टक्क्यांत सांगतं. कॉलेजची मर्यादा पंधरा. आदर्शचे आले चार. सफाचे आले एकतीस.

विभागप्रमुखांनी कागदावरचा आकडा बघितला, रिपोर्ट उघडलासुद्धा नाही. "एकतीस? लाज वाटत नाही? आदर्शकडून शिक जरा. उद्या चार वाजेपर्यंत पंधराच्या खाली आण, नाहीतर तोंडी परीक्षेला बसता येणार नाही." तोंडी परीक्षा गेली की वर्ष गेलं, आणि निकाल लागला की कंपनी तिला अप्रेंटिस म्हणून घेणार होती, तेही गेलं. तिच्या मार्गदर्शक नूतन मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. सफा रिपोर्ट उचलून बाहेर आली.

वर्गातल्यांनी एकच नाव सांगितलं, बाबाजी. पेणच्या स्टँडजवळ त्याचं झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान. प्रोजेक्ट, रिपोर्ट, दाखले, लग्नपत्रिका, सगळं एकाच काउंटरवर. "टक्के खाली आणायचे ना? ठेव पेनड्राईव्ह," बाबाजी चहाचा घोट घेत म्हणाला. "आपल्याकडचा एक पण परत येत नाय." त्याने तिचा इंग्रजी रिपोर्ट शब्द बदलून देणाऱ्या कुठल्याशा यंत्रात टाकला, पानपान करून. अवतरणचिन्हं यंत्राला आवडत नाहीत म्हणून ती पुसली, कंसातले संदर्भ मध्येमध्ये येतात म्हणून तेही उडवले. मग टक्के तपासले, मर्यादेखाली आले की आकडा हिरवा दिसतो. सात. "बघ, हिरवंगार," बाबाजी म्हणाला, छापलेला रिपोर्ट आणि पेनड्राईव्ह तिच्यापुढे सरकवला आणि पैसे मोजून गल्ल्यात टाकले.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तिने तो सात टक्क्यांचा रिपोर्ट वाचायला घेतला. गडब यायच्या आतच तिचं नाक वर गेलं. रिअॅक्शन व्हेसलचं रिअॅक्शन शिप झालं होतं, म्हणजे भांड्याचं जहाज. गाळ बसतो त्या टाकीत आता 'चिखल विश्रांती घेत' होता. तिने घाम गाळून लिहिलेली वाक्यं कुणीतरी चावून थुंकून ठेवल्यासारखी दिसत होती. आणि या चोथ्याचे टक्के हिरवे!

नागोठणं मागे पडलं आणि ती सुरक्षेच्या पानावर आली. तिथे तिने एका पाठ्यपुस्तकातलं वाक्य अवतरणात घेतलं होतं, खाली पुस्तकाचं नाव आणि पानाचा नंबर देऊन: सल्फ्युरिक अॅसिड पातळ करताना अॅसिड हळूहळू पाण्यात सोडावं, पाणी अॅसिडमध्ये कधीही ओतू नये. यंत्राने ते फिरवून फिरवून असं करून ठेवलं होतं की पाणी हळूहळू अॅसिडमध्ये सोडावं. अवतरण नाही, पुस्तकाचं नाव नाही. आता ते सफाचं वाक्य होतं.

तिने कागद मिटला.

घरी अब्बा ओट्यावर बसले होते. अब्बा, म्हणजे महमूद, पूर्वी धाटावलाच ऑपरेटर होते. एका बदली कामगाराने घाईत अॅसिडच्या बादलीत पाणी ओतलं, बादली भसकन उसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या महमूदांचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. कातडी अजून मेणासारखी चकचकीत आणि आखडलेली आहे, मूठ पुरती वळत नाही. सफाने त्यांना ते वाक्य मराठीत करून सांगितलं.

अब्बांनी डावा हात मांडीवर घेतला. मग विचारलं, "ह्या तू लिवलंस?"

"नाय अब्बा. मशीनने."

"नाव कुणाचं हाय वर?"

तिने पहिलं पान उलटून बघितलं. नाव तिचंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपला मूळचा एकतीस टक्क्यांचा रिपोर्ट घेऊन नूतन मॅडमांच्या टेबलासमोर उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मला नापास केलंत तरी चालंल, पण मी तो सातवाला देणार नाय."

नूतन मॅडम तिरसट बाई. पण त्यांनी जे विभागप्रमुखांनी करायला हवं होतं ते केलं. सॉफ्टवेअरचा रंगीत अहवाल उघडला आणि पानपान बघितलं, कुठे काय जुळलंय ते. कॉलेजनेच छापून दिलेलं प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र रंगलेलं होतं, सगळ्या मुलांचं एकच असतं ते. संदर्भांची यादी पूर्ण रंगली होती, कारण पुस्तकाचं नाव आपल्या शब्दांत लिहिता येत नाही. प्रदूषण मंडळाच्या निकषांचा उतारा रंगला होता, तो अवतरणात होता आणि खाली स्रोत होता. "हे सगळं वगळायची सोय सॉफ्टवेअरमध्येच आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि कॉलेजच्या नियमातही लिहिलंय. वाचतं कोण?" वगळल्यावर उरले तेरा.

"झालं की मग," सफा म्हणाली.

"झालं नाही. हे काय आहे?" मॅडमांनी एका लालभडक परिच्छेदावर बोट ठेवलं. कंपनीचा परिचय. सफाने कंपनीच्या वेबसाईटवरून जसाच्या तसा उचलला होता. ना अवतरण, ना स्रोत.

"ते... परिचय तर सगळेच घेतात मॅडम."

"सगळे घेतात म्हणून तुझा होतो? मर्यादेत बसलं म्हणजे चोरी नाही असं कुणी सांगितलं तुला?"

सफाचे कान तापले. आदर्शला नाक मुरडणारी आपण, आणि आपल्याच दुसऱ्या पानावर ही घाण! तिने तिथेच बसून तो परिच्छेद काढला, कंपनी काय बनवते ते स्वतःच्या चार ओळींत लिहिलं आणि खाली वेबसाईट आणि ती कधी पाहिली ती तारीख दिली. टक्के आठवर आले.

दोघी विभागप्रमुखांकडे गेल्या. ते अजून आदर्शच्या चारवरच अडलेले. "वगळून वगळून आठ, आणि त्याचे बघा, काही न वगळता चार. पुढच्या मुलांना नमुना म्हणून तोच ठेवणार आहे मी."

सफा चुगली करणारी नाही. पण नमुना हा शब्द ऐकला आणि तिला राहवलं नाही. "सर, सॉफ्टवेअरला कंपनीच्या कपाटातली एसओपी दिसत नाय. जे नेटवर नाय ते कशाशी जुळणार? चार टक्के म्हणजे स्वतःचं लिवलंय असं नाय."

नूतन मॅडमांनी दोन्ही रिपोर्ट महिपतींकडे धाडले. सफाच्या रिपोर्टावर एक दुरुस्ती आणि संमती आली. आदर्शच्या रिपोर्टावर फोनच आला आणि महिपती इतके ओरडले की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. आदर्शला सगळा रिपोर्ट नव्याने लिहावा लागला आणि त्याने सफाशी बोलणं सोडलं. ती तोंडी परीक्षेला बसली, पास झाली, धाटावला अप्रेंटिस लागली. विभागप्रमुखांनी मात्र नुसता आकडा बघायची सवय सोडली नाही.

इथवर सगळं ठीक झालं असं कुणालाही वाटेल. सफालाही वाटलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात सुरभी नावाची मुलगी पेणहून इंटर्न म्हणून आली. हुशार, चुणचुणीत, सगळं आधीच वाचून आल्यासारखी. तिसऱ्या का चौथ्या दिवशी लॅबमध्ये तपासणीसाठी पातळ अॅसिड बनवायचं होतं. सफा नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होती. सहज मान वळवली तर सुरभीने बीकरमध्ये अॅसिड काढून ठेवलेलं आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं, कलतं.

सफाने तिचं मनगट पकडून मागे ओढलं. पाणी फरशीवर सांडलं.

"काय करतेस गो!"

"पाणी हळूच सोडत होते ताई," सुरभी घाबरून म्हणाली. "रिपोर्टात असंच हाय."

"कुठल्या रिपोर्टात?"

सुरभीने पिशवीतून स्पायरलचा गठ्ठा काढला. पेणच्या स्टँडजवळ नमुना म्हणून विकत मिळतो, सगळे घेतात, म्हणाली. पहिल्या पानावर नाव नव्हतं, खोडलेलं. सफाने एकेक पान उलटलं. तिथे चिखल विश्रांती घेत होता, भांड्याचं जहाज होतं, आणि सुरक्षेच्या पानावर पाणी हळूहळू अॅसिडमध्ये सोडलेलं होतं.

तिने पेनड्राईव्ह परत आणला होता. बाबाजीच्या कॉम्प्युटरवर काय राहिलं ते विचारायचं तिला सुचलंच नव्हतं.

सुट्टी झाल्याबरोबर ती युनिफॉर्मवरच पेणला गेली आणि तो गठ्ठा बाबाजीच्या काउंटरवर आपटला. त्याने पान बघितलं, तिच्याकडे बघितलं. त्याला खरोखरच कळेना.

"यात खराब काय हाय?" तो म्हणाला. "सात टक्के आलेले ना?"