बरण्यांतले टोमॅटो

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी, सत्तरच्या दशकात, सोलापूरच्या कॉलेजात आम्हा दोघींना मातीविना शेतीचा प्रकल्प मिळाला. जोडीदार विणकराच्या घरातली होती. घरी तेलुगू बोलायची आणि वहीत एकही खाडाखोड करायची नाही.

वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागच्या व्हरांड्यात चिनी मातीच्या चार बरण्या ठेवल्या. प्रत्येकीवर भोकं पाडलेली लाकडी फळी, भोकांत टोमॅटोची रोपं, मुळं खाली खताच्या द्रावणात. मुळांना हवा मिळावी म्हणून आम्ही सायकलच्या पंपाने रोज सकाळ-संध्याकाळ बुडबुडे सोडायचो. पाणी कॉलेजच्या विहिरीचं होतं.

द्रावणात क्षार किती आहेत हे त्याच्या विद्युतवाहकतेवरून कळतं. ती मोजायचं यंत्र रसायनशास्त्र विभागात होतं आणि आम्हाला फक्त गुरुवारी मिळायचं. पहिल्या गुरुवारी आकडा दोन मिलिम्हो आला, हवा होता तेवढाच. पीएच, म्हणजे द्रावण किती आम्लधर्मी आहे ते, रंगाच्या कागदावर साडेसहा.

वाहकतेची नोंद माझ्याकडे होती. पुढच्या गुरुवारी यंत्रासमोर रांग होती म्हणून मी परत आले आणि वहीत लिहिलं : २.१. त्याच्या पुढच्या आठवड्यात गेलेच नाही. लिहिलं : २.०. पीएचचा कागदही पुन्हा काढला नाही.

तिसऱ्या आठवड्यात शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा मात्र हिरव्या होत्या.

"नायट्रोजन कमी पडतोय," मी म्हणाले.

"वाहकता बरोबर आहे ना?" जोडीदाराने विचारलं.

"आहे की."

तिने वही पाहिली आणि मान डोलावली. तेव्हापासून बरण्यांतलं पाणी कमी झालं की मी साध्या पाण्याऐवजी खताचं द्रावण ओतू लागले. ऊन कडक होतं, रोपं भरपूर पाणी प्यायची, मीही रोज ओतायचे. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मुळं पाण्यात असूनही झाडं दुपारी माना टाकायची.

विभागातले शिपाई मोहोळकडचे होते, घरी शेती होती. त्यांनी एक फळी उचलून आत पाहिलं. "ताई, तळाला तांबडा गाळ बसलाय. खत तर लई दिसतंय. मग झाड सुकतंय कशानं?"

मी प्रकल्पाच्या सरांना बोलावलं. त्यांनी पान उलटसुलट करून पाहिलं. "पिवळं कुठून सुरू झालं?"

"शेंड्याकडून."

"नायट्रोजन किंवा मॅग्नेशियम कमी असतं तर खालच्या जुन्या पानांत आधी दिसलं असतं. ती द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं. लोह असं हलत नाही. पीएच किती आहे?"

कागद आठच्या जवळ गेला, म्हणजे द्रावण आम्लधर्मी राहिलंच नव्हतं. आमच्या विहिरीचं पाणी क्षारी, पीएच रोज थोडा थोडा वर नेणारं. अशा द्रावणात लोह विरघळून राहत नाही. तळाचा तांबडा गाळ म्हणजे तेच. मग सरांनी वही मागितली.

"झाडं रोज एवढं पाणी पितात, क्षार मागे राहतात, वर तुम्ही खत ओतता. आणि आकडा दोनच?"

जोडीदार माझ्याकडे पाहत होती. मी सांगितलं, पहिल्यानंतरचा एकही आकडा मोजलेला नाही.

सर रागावले नाहीत. रसायनशास्त्रात स्वतः जाऊन यंत्र घेऊन आले. आकडा पाचच्या आसपास आला. एवढ्या खारट द्रावणातून मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं. झाडं तहानेनेच सुकत होती.

त्याच दिवशी आम्ही तीन बरण्या रिकाम्या केल्या. नवं द्रावण निम्म्या तीव्रतेचं केलं, बरंचसं प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्यात. सौम्य गंधकाम्ल थेंबाथेंबाने घालून पीएच सहावर आणला. लोह या वेळी ईडीटीए नावाच्या रसायनात बांधलेलं घातलं, म्हणजे ते गाळ होऊन बसत नाही. चौथी बरणी तुलनेसाठी तशीच ठेवायची, हा आग्रह जोडीदाराचा. आता वही तिच्याकडे होती. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

आठवड्याभरात शेंड्याला हिरवी पानं आली. करपलेली पानं करपलेलीच राहिली. चौथ्या बरणीतली झाडं मेली.

अहवालात खोटे आकडे कोणते हे मीच लिहिलं. परीक्षक म्हणाले, "हे पान फाडून टाकता आलं असतं."

"हो," मी म्हणाले, "पण मग चौथी बरणी का मेली ते कळलं नसतं."

माझे गुण कापले गेले, तिचे नाहीत. निकालाच्या दिवशी ती कँटीनमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि दोन चहा सांगितले.