डाव्या कोपऱ्याचा ओळंबा

वहिनींनी अकरा वर्षं डूख धरला होता. फोटो स्टुडिओत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. नाकावर चष्मा, मान स्क्रीनकडे, आवाज मऊ. खाली मुंडी पाताळ धुंडी, असं त्यांच्याबद्दल कुणाच्या मनातही आलं नाही. चुकलंच सगळ्यांचं.

त्यांचा नवरा गवंडी. त्याची भिंत बघून बाकीचे आपापला ओळंबा, दोरीला बांधलेलं ते वजन, पुन्हा लावून बघायचे. एका आर्किटेक्टने ऐनवेळी नकाशा बदलला, भिंत चुकली, आणि त्याच साहेबांनी चाळीस माणसांदेखत नवऱ्याच्या हातातला ओळंबा हिसकावून मातीत टाकला. सरळ म्हणजे काय ते याला कुणीतरी शिकवा, म्हणाले. माणसं हसली. पुढे त्याला कुणी कामावर घेतलं नाही. आता तो एका गोदामाच्या फाटकाशी बसतो, आणि ओळंबा स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेला असतो. पोळ्या लाटताना वहिनींना तो रोज दिसतो.

म्हणून त्या साहेबांच्या नव्या इमारतीचा फोटो दुरुस्तीला आला, तेव्हा कागदावरचं नाव वाचून वहिनींनी चहा अर्धाच ठेवला. फोटो स्पर्धेला जायचा होता. डाव्या अंगाला वरपर्यंत बांबूंची परांची, मागे आभाळात क्रेन. दोन्ही काढा आणि रेषा ओळंब्यात आणा, एवढंच सांगणं होतं. ओळंब्यात! वहिनींना हसूच आलं.

काम मात्र त्यांनी चोख केलं. सूड घ्यायचा तर हात स्वच्छ हवा. क्रेन आभाळातून अर्ध्या तासात गेली, पण तिची सावली भिंतीवर होती आणि प्रतिबिंब चौथ्या मजल्याच्या काचेत. नवशिके तिथेच पकडले जातात. परांचीला तीन दिवस लागले. फोटोग्राफर शहाणा, त्याने दोन पावलं डावीकडे आणि दोन उजवीकडे सरकूनही फोटो काढले होते. परांची भिंतीपासून सुटी असते, त्यामुळे एका फोटोत बांबूमागे दडलेली भिंत दुसऱ्यात उघडी पडते. ते तुकडे वहिनींनी एकेक करून बसवले.

मग रेषा. खालून वर बघून काढलेला फोटो, त्यामुळे इमारत वर निमुळती होत गेलेली. त्यांनी आधी भिंगामुळे रेषांना आलेला बाक काढला, मग वरची बाजू रुंदावली. उजवा कोपरा उभा राहिला, खिडक्या उभ्या राहिल्या. डावा कोपरा पाचव्या मजल्यापर्यंत रेषेला चिकटून आला आणि तिथून बाहेर सुटला. वहिनींनी सगळं पुन्हा पहिल्यापासून करून बघितलं. तरी तसाच. परांचीने इतके दिवस तेच झाकलं होतं.

तेवढाच भाग ओढून सरळ करणं दोन मिनिटांचं काम होतं. पण स्टुडिओचा एक दंडक होता. परांची, वायरी, उभ्या गाड्या बिनविचारता काढायच्या, इमारतीच्या अंगाला मात्र हात लावायचा तर गिऱ्हाइकाने कामाच्या कागदावर स्वतः लिहून सही करायची. वहिनींनी साहेबांना फोटो बघायला बोलावलं, आणि इमारतीच्या मालकांनाही आवर्जून आणायला सांगितलं.

मालकांनीच आधी विचारलं, की कोपऱ्याला काय झालंय. साहेब म्हणाले, कॅमेऱ्याची गंमत आहे, ओढा ते सरळ.

वहिनींनी स्क्रीनवर एक उभी निळी रेषा आणली आणि सावकाश सरकवत नेली. "कॅमेऱ्याने केलं असतं तर शेजारच्या खिडक्याही कलल्या असत्या, साहेब. त्या रेषेवर आहेत. कोपराच बाहेर आहे. ओढते मी. फक्त तसं इथं लिहून द्या."

मालक साहेबांकडे बघत राहिले. साहेबांना ना धड नाही म्हणता येईना, ना पेन उघडता येईना. शेवटी लिहिलं त्यांनी, की डावा कोपरा प्रत्यक्षात ओळंब्यात नाही, फोटोत सरळ करावा. खाली सही केली. वहिनींनी ती डोळे भरून पाहिली. मालक जिन्यातच फोनवर कुणाला तरी इंजिनीअर पाठवायला सांगत होते.

संध्याकाळी वहिनींनी त्या कागदाची प्रत नवऱ्यापुढे ठेवली. उट्टं निघालं होतं. आपण कोण हे साहेबांना कळलंच नाही, एवढीच काय ती रुखरुख.

त्याने कागद दोनदा वाचला. हसला नाही.

"हा कोपरा कुणी बांधला?"

वहिनींना माहीत नव्हतं. हा प्रश्नच त्यांना सुचला नव्हता.

"साहेब उद्या त्याला चाळीस माणसांपुढे उभा करतील," तो म्हणाला. "माझ्या वेळी शेजारी कुणी उभं राहिलं नाही. इमारतीचा पत्ता दे मला."

वहिनींच्या तोंडची चव गेली. त्यांनी पत्ता लिहून दिला. त्याने खिळ्यावरचा ओळंबा काढून सदऱ्याला पुसला. दोरी कुजली होती. वहिनी उठून नवी दोरी शोधू लागल्या.